स्टॉलचं कॅप्शन एकदा बघून घ्या

दादा: मंडळी, पुढच्या आठवड्यात प्रदर्शन आहे आणि स्टॉलची पोस्ट आजच टाकायचीय, हे कॅप्शन ठीक वाटतंय का सांगा. "आम्ही येत आहोत! दर्जेदार व्हॉल्व्हची संपूर्ण रेंज पाहण्यासाठी आमच्या स्टॉलला अवश्य भेट द्या. मीटिंगसाठी क्यूआर स्कॅन करा."

ताई: अरे स्टॉल कुठाय ते कुठंय??

दादा: फोटोवर लिहिलंय ना, खाली कोपऱ्यात

ताई: फोटोवरचं कोण झूम करून वाचणार. आणि मोबाईलवर कॅप्शनची पहिली एकदोन ओळच दिसते, बाकीचं 'आणखी' दाबल्यावर, तुझी पहिली ओळ "आम्ही येत आहोत" मध्येच गेली. हॉल आणि स्टॉल नंबर सगळ्यात आधी टाक

काका: आणि नुसता नंबर नको. मी खरेदी खात्यात होतो तेव्हा अशा प्रदर्शनांत भरपूर फिरलोय, मोठ्या हॉलला चार-चार दारं असतात, कुठल्या दारातून यायचं हे एका वाक्यात लिही. शेजारच्या स्टॉलची खूण मात्र देऊ नकोस, तो ऐनवेळी आला नाही तर माणूस फिरतच बसतो

दादा: पूर्वेच्या दारातून आत आलं की डावीकडे दुसरी रांग, कोपऱ्याचा स्टॉल. चालेल?

काका: उत्तम. आता "संपूर्ण रेंज" काढ. टेबलावर खरंच काय ठेवणार आहेस?

दादा: स्टेनलेस स्टीलचे बॉल व्हॉल्व्ह, टू-पीस आणि थ्री-पीस, अर्धा इंच ते दोन इंच, शिवाय थ्री-पीसचं एक कापून ठेवलेलं मॉडेल, आतला बॉल आणि सीट दिसतात असं

काका: मग हेच लिही की! मागच्या वेळी तू "सगळे व्हॉल्व्ह" लिहिलंस आणि एक जण सहा इंची गेट व्हॉल्व्ह विचारायला आला, त्याची पण दहा मिनिटं गेली आणि तुझी पण. कापलेलं मॉडेल तर ठळक लिही. थ्री-पीसमध्ये बोल्ट सोडवून मधला भाग बाहेर काढता येतो, पाईप कापायला लागत नाही, मेंटेनन्सवाल्याला नेमकं हेच हातात घेऊन बघायचं असतं

वहिनी: एक विचारू का, क्यूआर कसा स्कॅन करायचा? पोस्ट ज्या फोनवर बघतोय त्याच फोनने?? 😅

दादा: 🤦 लक्षातच आलं नाही

वहिनी: क्यूआर स्टॉलच्या बोर्डावर ठेव, पोस्टमध्ये व्हॉट्सअॅप नंबर दे. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबली तरी उघडत नाही, तिथे लिंक प्रोफाइलमध्ये टाकावी लागेल

ताई: आणि "कधीही या" असलं काही नको हं, गेल्या वेळी सकाळी ११ ते १ सगळे एकदम आले होते आणि दुपारी तू माश्या मारत बसला होतास. मीटिंग ११ ते ५ ठेव, १ ते २ सोड, अर्ध्या तासाचा स्लॉट म्हणजे दिवसाला १० होतात, त्यातले ६च बुकिंगला दे, उरलेले न सांगता येणाऱ्यांसाठी. बोलणं वीस मिनिटं, दहा मिनिटं नोट्स लिहायला, नाहीतर संध्याकाळी कार्डांचा गठ्ठा उरतो आणि कोणाला काय हवं होतं ते आठवत नाही

काका: बुकिंग करतानाच साईज, प्रेशर, तापमान, आतून काय वाहणार आणि साधारण किती नग हे विचारून घे. वाफेच्या लाइनवाला असेल तर साधी पीटीएफई सीट चालेलच असं नाही, ते आधी कळलं तर त्या वेळी तुमचा डिझाइनवाला टेबलावर बसवता येईल

वहिनी: प्रदर्शनाच्या अॅपवरून पण मीटिंग ठरतात ना? तिकडून आणि व्हॉट्सअॅपवरून एकाच वेळेला दोघं आले तर पंचाईत, सगळं एकाच कॅलेंडरमध्ये टाका

ताई: अजून एक, मीटिंग बुक झाली म्हणजे आत सोडतात असं नाही, व्हिजिटर रजिस्ट्रेशन वेगळं असतं. ते लिहिलं नाहीस तर लोक गेटवर उभे राहून तुला फोन करतील

दादा: बरं घ्या, नवीन:

"हॉल ३, स्टॉल ३-सी-१४. पूर्वेच्या दारातून आत, डावीकडे दुसरी रांग, कोपरा.
स्टेनलेस स्टील बॉल व्हॉल्व्ह, टू-पीस आणि थ्री-पीस, अर्धा ते दोन इंच. थ्री-पीसचं कापलेलं मॉडेल हातात घेऊन बघा.
मीटिंगसाठी खालच्या नंबरवर व्हॉट्सअॅप करा: दिवस, वेळ, साईज, प्रेशर, तापमान, कशासाठी वापरणार, अंदाजे नग. आमचा 'स्लॉट पक्का' असा मेसेज आला की बुकिंग झालं. प्रवेशासाठी प्रदर्शनाच्या साईटवर व्हिजिटर नोंदणी वेगळी करावी लागेल."

काका: आता कसं! तारखा आणि वेळ राहिली बघ

ताई: आणि ३-सी-१४ कुठून घेतलास? बुकिंगच्या वेळच्या नकाशावरून की शेवटच्या अलॉटमेंट लेटरवरून?

दादा: नकाशावरून… थांब लेटर बघतो

दादा: १६ आहे 😬 मधले दोन स्टॉल एकत्र केलेत म्हणे त्यांनी. पण कोपराच आहे, रांग पण तीच

वहिनी: बोर्ड छापायला गेला का??

दादा: उद्या जाणार होता, प्रिंटरला आत्ताच फोन लावतो