‘क’ला A लिहायचे की C?

विद्यार्थिनी, नांदेड

स्पर्धा परीक्षेच्या सरावासाठी मी ठिकठिकाणचे प्रश्नसंच जमवले आहेत. काहींत पर्यायांना (अ) (ब) (क) (ड) अशा खुणा आहेत, काहींत (क) (ख) (ग) (घ), तर काहींत (१) ते (४). माझ्या सरावाच्या उत्तरपत्रिकेवर A, B, C, D अशी वर्तुळे आहेत, म्हणून मला उत्तरे त्याच अक्षरांत हवी आहेत. “उच्चारावरून अक्षर लावा, चूक होणार नाही,” असे इथल्या एका सरांनी लिहिले होते. हे सगळ्या संचांना लागू पडेल का?

अक्षरजुळणीकार, लातूर

उच्चाराचा तो सल्ला वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्नसंचांची जुळणी हे माझे रोजचे काम आहे आणि या एका समजुतीमुळे मुलांचे बरोबर आलेले प्रश्न चुकताना मी पाहतो.

पर्यायाची खूण ही त्या ओळीतली जागा सांगते, आवाज सांगत नाही. अ-ब-क-ड या ओळीत आवाज आणि जागा जुळतात, म्हणून उच्चाराचा नियम खरा वाटतो. हिंदीतून आलेल्या संचांत मात्र ओळ क-ख-ग-घ अशी असते आणि तिथे क पहिला असतो. समजा प्रश्न असा आहे: जायकवाडी धरण कोणत्या नदीवर आहे? (क) गोदावरी (ख) मांजरा (ग) पूर्णा (घ) दुधना. उत्तरसूचीत ‘क’ छापले आहे. उच्चारावरून गेलात तर C रंगवाल, म्हणजे पूर्णा नदी निवडाल. ओळीतली जागा पाहिलीत तर A येईल, म्हणजे गोदावरी.

यातला खरा धोका नीट समजून घ्या. उत्तर ‘ख’ किंवा ‘घ’ असेल तर उच्चाराने कोणतेच अक्षर सापडत नाही आणि मुलगी थांबून विचार करते. ‘क’ मात्र दोन्ही ओळींत आहे, त्यामुळे तिथे चूक होते आणि ती झाल्याचे कळतही नाही.

निवृत्त शिक्षक, परभणी

तो सल्ला माझा होता आणि तो मी मागे घेत नाही. आपल्या भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी लहानपणापासून अ, ब, क, ड हीच ओळ पाहिली आहे आणि त्या ओळीत माझा नियम एकदाही चुकत नाही. हिंदी पट्ट्यातले संच आणून मुलांच्या हाती देणाऱ्या शिकवण्यांचा दोष तुम्ही माझ्या नियमावर का टाकता? मराठवाड्यातल्या मुलांना मराठीत जुळवलेले संच द्यावेत, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

दुसरे असे की, “जागा पाहा” हा तुमचा नियमही तितकाच फसवा आहे. कागद वाचवण्यासाठी पर्याय दोन स्तंभांत छापतात. डाव्या स्तंभात वर अ आणि खाली ब, उजव्या स्तंभात वर क आणि खाली ड. तुमचे ऐकून एखादा मुलगा आडवे वाचत गेला तर दुसऱ्या जागी त्याला क दिसेल आणि तो त्याला B लिहील. तिथे माझा उच्चाराचा नियमच त्याला वाचवेल.

अक्षरजुळणीकार, लातूर

दोन स्तंभांचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता, एवढे मान्य करतो. जागा म्हणजे कागदावरची जागा नव्हे, तर खुणांच्या क्रमातली जागा. पण मराठी ओळीत नियम एकदाही चुकत नाही, हे मान्य नाही. आपल्याकडच्या भाषेच्या प्रश्नपत्रिकांत उपप्रश्नांना (अ) (आ) (इ) (ई) अशाही खुणा असतात. ही ओळ पर्यायांना दिली तर ‘आ’ दुसरा, म्हणजे B. उच्चाराने तुम्ही तो A धराल. ‘इ’ इथे तिसरा, म्हणजे C, पण अ-ब-क-ड-इ अशा पाच पर्यायांच्या ओळीत तोच ‘इ’ पाचवा होऊन E ठरतो. या दोन्ही ओळी मराठीच आहेत, सर.

पालक, बीड

माझ्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्याच्या प्रश्नपुस्तिकेवर B असे छापले होते आणि आम्ही घरी A ची उत्तरसूची लावून गुण मोजले. निम्म्याहून जास्त उत्तरे चुकीची दिसली आणि पोर रात्रभर जेवले नाही. म्हणून सांगते, ताई, आधी पुस्तिकेवरचे अक्षर बघा.

शिक्षिका, हिंगोली

ताई, तुमच्या मुलाला झालेला त्रास समजतो, पण ती अडचण निराळी आहे. पुस्तिकेवरचे A किंवा B हे संचाचे नाव असते आणि संच बदलला की प्रश्नांचा क्रम बदलतो. इथे विचारले आहे ते एका प्रश्नाच्या चार पर्यायांबद्दल. मात्र तुमच्यामुळे एक उपयुक्त गोष्ट पुढे आली. वहीत उत्तरे उतरवताना संचाचे अक्षर पानाच्या डोक्यावर वेगळे लिहावे, म्हणजे ते उत्तराच्या अक्षरात मिसळणार नाही.

याहून मोठा घोटाळा विधानांच्या प्रश्नांत होतो आणि त्याबद्दल वर कोणीच बोललेले नाही. हा प्रश्न पाहा. विधान अ: गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरजवळ होतो. विधान ब: गोदावरी अरबी समुद्राला मिळते. विधान क: मांजरा ही गोदावरीची उपनदी आहे. कोणती विधाने बरोबर आहेत? (१) फक्त अ (२) अ आणि ब (३) अ आणि क (४) वरील सर्व.

गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, म्हणून ब चूक. अ आणि क बरोबर, म्हणून पर्याय ३. विद्यार्थिनीने A ते D मध्ये उत्तर मागितले आहे, म्हणून उत्तर एकच अक्षर: C. इथे अ म्हणजे A, क म्हणजे C असे करत बसले तर उत्तर “A आणि C” होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाने खरोखर दोन वर्तुळे रंगवली होती आणि विषय पक्का येत असूनही त्याचा गुण गेला.

निवृत्त शिक्षक, परभणी

मग विधानांच्या खुणाही A, B, C करून टाकाव्यात. सगळे एका लिपीत आले की मुलांचा गोंधळ थांबेल.

शिक्षिका, हिंगोली

सर, थांबणार नाही, वाढेल. तसे केल्यावर वरच्या प्रश्नातला पर्याय असा दिसेल: “C. A आणि C”. यातला पहिला C पर्यायाचा आणि शेवटचा C विधानाचा. घाईत असलेल्या मुलाने हे कसे ओळखायचे? विधानांच्या खुणा देवनागरीतच राहू द्याव्यात आणि फक्त पर्यायांच्या खुणा बदलाव्यात. दोन लिप्या असल्यामुळेच दोन कामे वेगळी दिसतात. “सगळे एकसारखे करा” हा हट्ट मी शाळेत इतक्या वेळा ऐकला आहे की आता तो ऐकून संताप येतो.

निवृत्त शिक्षक, परभणी

संताप मलाही येतो, बाई. आयुष्य फळ्यासमोर गेले आहे, हट्टाची भाषा मला शिकवू नका. विधानांबद्दल तुमचे म्हणणे ठीक आहे, ते सोडून देतो. उच्चाराबद्दल मात्र नाही.

नोंदणीचे काम करणारी, छत्रपती संभाजीनगर

मी प्रश्न संगणकावर चढवते. सरांना शंका असेल तर त्यांनी एक प्रयोग करावा. प्रत्येक पर्याय वेगळ्या ओळीत असलेला तक्ता घ्यावा आणि अ, ब, क, ड हा खुणांचा स्तंभ अकारविल्हे लावून पाहावा. क्रम अ, क, ड, ब असा होतो, कारण वर्णमालेत ब हा क आणि ड यांच्या नंतर येतो. त्या क्रमाला A, B, C, D लावले की क होतो B, ड होतो C आणि ब होतो D. फक्त अ जागेवर राहतो. एका शिकवणीत अशी सूची वाटली गेली होती. ज्यांची उत्तरे ‘अ’ होती तेवढेच प्रश्न जुळत होते आणि त्यावरूनच चूक कुठे आहे ते सापडले.

म्हणून मी प्रत्येक प्रश्नासोबत त्याची ओळ साठवते आणि खुणेची जागा त्या ओळीतूनच काढते:

```
"ABCD"["अबकड".index("क")]   # C
"ABCD"["कखगघ".index("क")]   # A
```

खूण तीच, पण उत्तर वेगळे, कारण ओळ वेगळी. अंकांचे काम सोपे आहे, १ ला A आणि ४ ला D. हस्ताक्षरात १ हा इंग्रजी 9 सारखा आणि ४ हा 8 सारखा वाचला जातो, पण चारच पर्याय असल्याने 8 किंवा 9 आले की चूक लगेच उघडी पडते.

विद्यार्थिनी, नांदेड

आता बरेच स्पष्ट झाले. माझी एक अडचण मात्र शिल्लक आहे. एका संचाची फक्त उत्तरसूचीची पाने माझ्याकडे आहेत, प्रश्न नाहीत. त्यात कोणती ओळ वापरली आहे हे कसे ओळखू?

अक्षरजुळणीकार, लातूर

सूची पूर्ण वाचून काढा. कुठेही ख, ग किंवा घ दिसला तर ओळ क-ख-ग-घ आहे आणि तिथे क म्हणजे A. ब किंवा ड दिसला, किंवा अ आणि क दोन्ही दिसले, तर ओळ अ-ब-क-ड आहे आणि क म्हणजे C. आ किंवा ई दिसला तर तिसरी ओळ. एक सावधगिरी बाळगा. हिंदी संचात पाच पर्याय असतील तर पाचवी खूण ङ असते. छपाईत त्याचा टिंब उडाला की तो ड दिसतो. ख आणि घ यांच्या सोबतीला ‘ड’ आढळला तर तो D नव्हे, E समजावा.

शिक्षिका, हिंगोली

हे एकाच ठिकाणी जुळवलेल्या सूचीला लागू पडते. तिने स्वतःच लिहिले आहे की संच ठिकठिकाणचे आहेत. असे संच एकत्र बांधताना प्रकरणागणिक ओळ बदलते, म्हणून प्रत्येक प्रकरण स्वतंत्र तपासले पाहिजे. आणि एखाद्या छोट्या प्रकरणात नुसतेच ‘क’ आले, दुसरे अक्षरच नसेल, तर अंदाजाने A किंवा C लिहू नये.

अक्षरजुळणीकार, लातूर

प्रकरणागणिक तपासणी हवी, हे मान्य. पण नुसत्या ‘क’च्या वेळी तिने करायचे काय? तिला एक अक्षर हवे आहे. मी तिच्या जागी असतो तर त्याच सूचीच्या मागच्या-पुढच्या प्रकरणांत जी ओळ आहे तीच धरून अक्षर लिहिले असते आणि शेजारी पेन्सिलने खूण करून ठेवली असती.

शिक्षिका, हिंगोली

मी तसे करू देणार नाही. पेन्सिलची खूण दोन आठवड्यांनी कोणालाही आठवत नाही आणि चुकीचे उत्तर पाठ होऊन बसते. ती जागा कोरी ठेवावी, मूळ ‘क’ तसाच लिहून ठेवावा आणि प्रश्न हाती आला की गोदावरी, मांजरा असा पर्यायाचा मजकूर पाहूनच अक्षर भरावे.

निवृत्त शिक्षक, परभणी

या वेळी मी बाईंच्या बाजूने आहे. बेटा, त्या पानांच्या मागे प्रकाशन कोणत्या गावचे आहे ते पाहा आणि इथे कळव. मराठी प्रकाशन निघाले तर अ-ब-क-ड असण्याचा संभव जास्त आहे, पण तेवढ्यावर अक्षर लिहू नकोस.