‘ड्रिफ्ट’ला काय म्हणायचं? विचलन, सरकणं की ढळणं?

पानवेल: ऑपरेटरांसाठी कंट्रोल चार्टचं, म्हणजे नगांची मापं वेळोवेळी मांडून मशीनवर लक्ष ठेवायच्या आलेखाचं, सूचनापत्रक मराठीत करतेय. माप हळूहळू एका बाजूला जातं त्या ‘ड्रिफ्ट’ला शब्द हवाय. ‘बोअरच्या व्यासात विचलन दिसल्यास’ असं लिहिलं, तर लाइनवरचे एक काका म्हणाले, ‘म्हणजे माप मागेपुढे होतंय का? आमचं तर एकाच बाजूला चाललंय.’ शब्द सुचवा.

जुना टर्नर: काका बरोबर आहेत. विचलन म्हणजे पसारा. आम्ही ‘साइज उतरतोय’ म्हणायचो. इन्सर्टचं, म्हणजे हत्यारात बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याचं, टोक झिजतं, मटेरियल कमी कापलं जातं आणि बोअर लहान होत जातो.

शब्दनिष्ठ: आधी ‘बोअर’ काढा! छिद्र म्हणा.

जुना टर्नर: छिद्र ड्रिलनेही पडतं. बोअर म्हणजे मापात आणलेलं भोक. मी तो शब्द सोडणार नाही.

मंदार_क्यूसी: पण बिंदू मर्यादेत असतील तर सरकलं असं म्हणताच येत नाही. रेषेबाहेर गेला तरच मशीन थांबवायचं.

जुना टर्नर: इथेच गल्लत होते. आमचा बोअर ४०.००० ते ४०.०२५ मिमी. तासाला ५ नग मोजून सरासरी मांडायचो. सरासरीच्या मर्यादा ४०.००९ आणि ४०.०१५. त्या ड्रॉइंगवरून येत नाहीत, मशीनच्या नेहमीच्या वागण्यावरून काढतात. एके दिवशी ४०.०१४ वर सुरुवात झाली आणि पुढचा प्रत्येक बिंदू आधीच्या खाली. सातवा ४०.०१०. एकही रेषेबाहेर नव्हता, तरी आम्ही इन्सर्ट पाहिला. कड झिजलेली होती.

पानवेल: मग रेंजचा, म्हणजे पाच नगांतल्या सर्वांत मोठ्या आणि लहान मापातल्या फरकाचा, चार्ट काय दाखवत होता?

जुना टर्नर: तो शांत होता. पाचही नग एकमेकांच्या जवळ आणि सगळे मिळून खाली येत होते. रेंज उसळली असती तर आधी इन्सर्ट चिपला का, क्लॅम्प ढिला झाला का, ते बघितलं असतं. म्हणूनच दोघांना एक शब्द नको.

मंदार_क्यूसी: आमच्याकडे तर बोअर सकाळी मोठा यायचा, मशीन तापलं की बदलायचा. त्याला ‘उतरणं’ कसं म्हणाल?

जुना टर्नर: तेही खरंच. झीज नसेल, तर बाजू कोणतीही असू शकते.

कोकणस्थ_नात: आमच्या आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ रोज थोडं मागे पडायचं. ‘मागे पडणं’ चालेल?

शब्दनिष्ठ: ‘ढळणं’ घ्या. अढळ ध्रुव आपण म्हणतोच. जागा सोडली की ढळलं, दिशा कुठलीही असो.

जुना टर्नर: ढळणं एकदम होतं, तोल ढळल्यासारखं. हे हळूहळू होतं. ‘सरकणं’ बरं.

शब्दनिष्ठ: दिवसही हळूहळूच ढळतो.

पानवेल: हे पटलं. पण काकांना ‘ढळतोय’ विचारलं तर ते म्हणाले, ‘कोण पडलं?’ तूर्त ‘माप एका बाजूला सरकत असल्यास’ लिहिते. शीर्षकाचं काय करू?

शब्दनिष्ठ: शीर्षकात तरी ‘बोअर’ नको.