जुन्या गाडीवर वरचा खर्च किती?

> "३ लाखांत २०१७ची पेट्रोल हॅचबॅक ठरतेय. वर अजून किती धरू?"

३५ हजार तरी धरा. आरटीओची नावबदलाची फी किरकोळ, ३०० रुपये. एजंट मात्र दोन-तीन हजार घेतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

खरी गोम इन्शुरन्समध्ये आहे. "पॉलिसी अजून आठ महिने आहे," असं मालक सांगेलच. थर्ड पार्टीचं कव्हर आपोआप तुमच्याकडे येतं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग १४ दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो, नाहीतर क्लेम अडकतो. शिवाय नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. मालकाला वर्षाला ४,००० सूट मिळालेली असेल, तर उरलेल्या आठ महिन्यांचे साधारण २,७०० तुम्ही भरायचे.

मग टायर. बाजूवरचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. नक्षी झकास असली तरी कडेला बारीक भेगा असतील तर चारही बदलायचे, १६-१८ हजार. ऑइल, फिल्टर, बॅटरी मिळून आणखी दहा. भाव पाडायला तेच चार आकडे मालकाला दाखवा.