मदत हवी आहे: बहिणीच्या पत्रिकेत गुरु चांडाळ, स्थळ अडलंय

मिरजकर_०१
नमस्कार मंडळी, बहिणीसाठी साताऱ्याचं एक स्थळ आलंय, सगळं जुळत होतं पण त्यांच्या गुरुजींनी पत्रिका बघितली आणि सप्तमात गुरु चांडाळ आहे, लग्न टिकायचं नाही, आधी शांत करा म्हणून निरोप आला. जन्म 2001 च्या दसऱ्याचा, सकाळी 11 च्या सुमारास, मिरज. धनु लग्न, मिथुनेत गुरु आणि राहू. आता गंमत अशी की आमचा चुलतभाऊ ऑगस्ट 2001 च्या पहिल्या आठवड्यातला, त्यालाही हाच योग, आणि त्याचं खरंच वाटोळं झालं, अकरावीत शिक्षण सोडलं, घरात कुणाचं ऐकत नाही. आई त्याच्याकडं बघून घाबरलीय, वाडीला जाऊन दत्ताला साकडं घालून आली. पण बहीण सीए फायनलला आहे, काहीच वाईट नाही. योग एकच तर फळ इतकं वेगळं का?

हळदबाजार
गुरु राहू एका राशीत म्हणजे योग झालाच, त्यात अंशबिंश बघायचं नसतं. गुरु म्हणजे बुद्धी, ती राहू बिघडवतो. फक्त गुरु स्वतःच्या राशीत किंवा उच्चीचा असला तरच सुटका. शांत करून टाका, वाद कशाला.

अजिंक्यतारा७७
हळदबाजार, अर्धंच बरोबर. नुसती राशी धरली तर जून 2001 च्या मध्यापासून फेब्रुवारी 2002 पर्यंत जन्मलेलं प्रत्येक पोर चांडाळवालं ठरतं, त्या आठ महिन्यांतल्या सगळ्यांची लग्नं मोडणार का?

मिरजकर, दोन्ही पत्रिका शेजारी ठेवा. ऑगस्टच्या सुरुवातीला गुरु आणि राहू दोघं मिथुनेच्या 10 अंशाजवळ, जवळजवळ चिकटलेले, आणि ते आर्द्रा नक्षत्र, म्हणजे गुरु राहूच्याच नक्षत्रात बसलाय. दसऱ्यापर्यंत गुरु पुढं सरकून 21 अंशाच्या पुढं पुनर्वसूत आला, म्हणजे स्वतःच्या नक्षत्रात, आणि राहू उलटा चालतो म्हणून तो मागं 6 अंशाच्या आसपास. मध्ये 15 अंशाचं अंतर. याला मी घट्ट युती म्हणणार नाही, एका वाड्यात राहणारी दोन बिऱ्हाडं म्हणा.

दुसरं, मिथुनेचा मालक बुध. बहिणीला तो कन्येत, स्वतःच्या घरी, तेही दशमात. घरमालक दणकट असला की भाडेकरू फार दंगा करत नाहीत. चुलतभावाला तोच बुध कर्केत सूर्याला खेटून अस्त आहे. आणि बहिणीच्या धनु लग्नाला गुरु हा लग्नेश, तो सप्तमातून लग्नाकडंच बघतोय.

कोयनाकाठ
माझ्या मुलाचा जन्म जून 2023, मेषेत गुरु राहू. म्हणजे ऑक्टोबर 2023 ला राहू मेषेतून गेला तेव्हा त्याचा योग संपला ना?

अजिंक्यतारा७७
नाही हो ताई, तुम्ही गोचर म्हणताय. जन्माच्या वेळचं चित्र तसंच राहतं. पण त्याची वेगळी पत्रिका टाका, इथं गोंधळ होईल.

पुनर्वसू_फॅन
म्हणजे पुनर्वसूत गुरु असला की चांडाळ भंग, विषय मिटला!

अजिंक्यतारा७७
मिटला असं मी म्हणणार नाही. राहू सप्तमात आहेच, घरच्यांच्या पठडीबाहेरचा, वेगळ्या वळणाचा जोडीदार आवडू शकतो, ते मी पाहिलंय. पण दशा बघा. धनिष्ठा नक्षत्र असेल तर मंगळाची थोडी वर्षं जाऊन अगदी लहानपणी राहू महादशा लागली असणार, 18 वर्षांची. म्हणजे शाळा कॉलेज सगळं त्यातच झालं. तेव्हा काय झालं ते विचारा, तोच खरा पुरावा.

मिरजकर_०१
धनिष्ठाच आहे. वयाच्या दुसऱ्या वर्षापासून 2021 च्या शेवटापर्यंत राहू होता असं कागदावर आहे, आता गुरु चालू. त्या काळात? दहावीत घरच्यांशी भांडून सायन्स नको म्हणाली, कॉमर्स घेतलं, बाबा दोन महिने बोलत नव्हते. बाकी काही नाही.

अजिंक्यतारा७७
मग घ्या, राहूनं जेवढं करायचं तेवढं केलं. साताऱ्याच्या गुरुजींना एवढंच विचारा की अंश बघितले का. त्यांनी नाही म्हटलं तरी भांडू नका, स्थळ तुम्हाला हवंय. चुलतभावाचं मात्र चांडाळावर ढकलायच्या आधी लग्न आणि दशा बघायला लागेल. वेळ काय त्याची?

मिरजकर_०१
तिथंच अडलंय. काकू म्हणते म्हशीची धार काढून झाली आणि हा झाला.

अजिंक्यतारा७७
सकाळची धार की संध्याकाळची? लग्न थेट समोरच्या घरात जातंय हो.