मदत हवी आहे: निर्माल्य संकलनासाठी मराठी-हिंदी निरोप कसा लिहावा?

अनंत चतुर्दशीला पांचाळेश्वर घाटावर आमचा गट निर्माल्य गोळा करतो. निम्मे इथलेच, निम्मे वसतिगृहातले हिंदीभाषक विद्यार्थी. गौरी विसर्जनाला असा निरोप टाकला होता: ‘सर्वांनी 6 वाजता संभाजी उद्यान मेट्रोपाशी जमावे. निर्माल्य, गोण्या, गर्दी अशी कामे आहेत.’ खाली तेच हिंदीत. कोणी थेट घाटावर गेलं, कोणी स्थानकाच्या भलत्याच दाराशी उभं राहिलं. काय बदलू?

नदीकाठ: लोकेशन पिन टाका, शब्द लागतच नाहीत.

पेठकर: पिन हवीच, पण ती स्थानकाच्या मधोमध पडते. दार लिहावंच लागेल. ‘6 वाजता’ ही हजेरीची वेळ की कामाची, सकाळची की संध्याकाळची, तेही कळत नाही. शिवाय लांब निरोप व्हॉट्सॲपवर मध्येच दुमडतो आणि खालची हिंदी कोणी उघडत नाही. म्हणून दोन निरोप वेगवेगळे टाका, पण ओळींचा क्रम आणि आकडे तेच ठेवा. म्हणजे एकात बदल झाला की दुसऱ्यातली ओळ लगेच सापडते.

> निर्माल्य संकलन, शुक्रवार 25 सप्टेंबर
> जमण्याची जागा: छत्रपती संभाजी उद्यान मेट्रो, जंगली महाराज रस्त्याकडचं दार. थेट घाटावर जाऊ नका.
> पहिली पाळी: हजेरी दुपारी 2:30, काम 3 ते 6:30
> दुसरी पाळी: हजेरी संध्याकाळी 5:45, काम 6:15 ते रात्री 10
> घाटाच्या तोंडाशी: निर्माल्य घेणे, प्लास्टिक-सुतळी वेगळी करणे
> कलशापाशी: भरलेल्या गोण्या बांधून गाडीपर्यंत नेणे

> निर्माल्य संकलन, शुक्रवार 25 सितंबर
> इकट्ठा होने की जगह: छत्रपति संभाजी उद्यान मेट्रो, जंगली महाराज रोड वाला गेट। सीधे घाट पर न जाएँ।
> पहली पारी: हाज़िरी दोपहर 2:30, काम 3 से 6:30
> दूसरी पारी: हाज़िरी शाम 5:45, काम 6:15 से रात 10
> घाट के मुहाने पर: निर्माल्य लेना, प्लास्टिक-सुतली अलग करना
> कलश के पास: भरी बोरियाँ बाँधकर गाड़ी तक पहुँचाना

पाळ्या पाव तास एकमेकींवर चढवल्यात. कलशापाशी माणूस नसेल तर लोक पिशवीसकट निर्माल्य टाकतात आणि मग ते खताला चालत नाही.

मीरा_औंध: आमची मूर्ती प्लास्टरची आहे. घरीच विसर्जनासाठी अमोनियम बायकार्बोनेट तुमच्याकडे मिळेल का?

पेठकर: मीराताई, ते महापालिका वाटते, क्षेत्रीय कार्यालयात विचारा.

धागाकर्ती: पेठकर काका, मनापासून आभार. घाटाच्या तोंडाशी आजीआजोबांशी बोलावं लागतं, म्हणून तिथे प्रत्येक हिंदीभाषक मुलाबरोबर एक मराठी बोलणारा ठेवते. नावं निरोपातच लिहू का?

पेठकर: नको. ऐन वेळी दोघं गळतात आणि जुना निरोप फिरत राहतो. नावं हजेरीच्या वेळी वाटा. बदल झालाच तर नव्या निरोपाच्या पहिल्या ओळीत ‘बदल, दु. 1 वाजता’ असं लिहा आणि जुना सर्वांसाठी पुसा.

नदीकाठ: पुढे पाठवलेला पुसला जात नाही. माझ्या मते नावं हवीतच, नाहीतर गोण्यांना कोणी येत नाही.

धागाकर्ती: रात्री 10 नंतर रस्ते बंद असताना मुलींनी वसतिगृहात कसं परतायचं, तेही निरोपात घालायचंय. मेट्रो सोडून इतर मार्ग कोणी वापरलाय का?