‘चुरडामुरडा’, ‘बोकड्या’ की ‘पाने वाकडी’?

गच्चीवरची: गच्चीवरच्या मिरचीवर मी बारा मिनिटांचा व्हिडिओ केला आहे. त्यात रोपाची पाने का वळतात, कुंडीत माती कशी भरली आणि उन्हाळ्यात काय बदलावे, हे सगळे आहे. शीर्षक दिले ‘मिरचीवरील चुरडामुरडा : कारणे व उपाय’. खाली प्रश्न येत आहेत ते असे : ‘एकरी किती फवारायचे?’ ज्यांच्यासाठी केला, ती कुंडीत दोन रोपे लावणारी माणसे फिरकलीच नाहीत. माझ्या बहिणीने शोधताना लिहिले होते, ‘मिरचीची पानं गोळा होतात’. तिला माझा व्हिडिओ दिसला नाही. शीर्षकात, वर्णनात आणि टॅगमध्ये कोणता शब्द कुठे ठेवावा?

बांधावरचा: तुमचा शब्द चुकलेला नाही, तो शेतातला आहे एवढेच. चुरडामुरडा, बोकड्या, कोकडा हे तिन्ही मिरची पिकवणाऱ्यांच्या तोंडचे शब्द आहेत. ज्याला शब्द माहीत असतो त्याला रोगही बहुधा माहीत असतो, आणि तो औषध शोधत येतो. नवशिक्याजवळ रोगाचे नाव नसते, डोळ्यांना दिसले तेवढेच असते. तो ‘पाने वाकडी’, ‘पाने गोळा’, ‘पाने आकसली’ असे लिहिणार. म्हणून शीर्षकात दिसणारी गोष्ट ठेवा आणि रोगाचे नाव वर्णनात.

एक वाचक: बोकड्या म्हणजे व्हायरस. पांढरी माशी आणते, त्यावर औषध नाही, रोप उपटून टाकायचे. शीर्षकात सरळ ‘व्हायरस’ लिहा, लोक लगेच उघडतात.

बांधावरचा: पांढरी माशी विषाणू पसरवते आणि लागण झालेले रोप बरे होत नाही, हे खरे. पण बोकड्या हे लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नाही. फुलकिडे कोवळ्या पानातला रस शोषतात, तेव्हा पानाच्या कडा वर वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी लागले तर कडा खाली वळतात, होडी उपडी होते, पान अरुंद होते आणि देठ लांबतो. विषाणूत पाने बारीक राहतात, शिरांमधला भाग पिवळा पडतो, रोप खुजे होते. पहिल्या दोन्हींत रोप वाचू शकते. ‘व्हायरस’ वाचून एखाद्याने बरे होण्यासारखे रोप उपटले, तर ते त्या एका शब्दामुळे.

गच्चीवरची: कोळी तर मला दिसलेच नाहीत.

बांधावरचा: नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, भिंग लागते. फुलकिडे मात्र दिसतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकला की पिवळसर, बारीक काड्यांसारखे काहीतरी चालताना दिसते. आणि एक चौथी शक्यता आहे. भर दुपारी पाने वळली आणि संध्याकाळी सरळ झाली, तर ते ऊन आणि पाण्याची ओढ, कीड नव्हे. उन्हाळ्यात गच्चीवर हे नेहमीचे आहे, तरी शोधणारा लिहितो तेच : ‘पाने वाकडी’.

लिंबूवाली: माझ्या कुंडीतल्या लिंबाचीही पाने वळतात आणि त्यांवर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा आहेत. हा चुरडामुरडाच का?

बांधावरचा: ताई, त्या रेघा नागअळीच्या. अळी पानाच्या आतून कुरतडत जाते, तिची ती वाट. मिरचीच्या व्हिडिओत तुमचे उत्तर सापडणार नाही. म्हणूनच ‘पाने वाकडी’ एवढेच लिहून भागत नाही, शीर्षकात झाडाचे नाव हवे.

मुद्रितशोधक: शब्दांच्या अंगाने तीन गोष्टी सांगतो. तुमच्या वर्णनात ‘परसबाग’ आहे. परस म्हणजे घराची मागची बाजू, आणि तुमची बाग वर आहे, म्हणून ‘गच्चीवरची बाग’ बरे. ‘टेरेस गार्डन’ही लोक सर्रास लिहितात, ते वर्णनात एकदा येऊ द्या. दुसरे, ‘मिरची लागवड’ टाळा. लागवड म्हटले की शेत डोळ्यांसमोर येते. ‘कुंडीतली मिरची’ म्हटले की मामला स्पष्ट होतो. तिसरे, तुमच्या बहिणीने ‘पानं’ लिहिले आणि तुम्ही ‘पाने’ लिहिता. शीर्षकात एक रूप ठेवा आणि व्हिडिओत बोलता तसे एखादे वाक्य वर्णनात घाला, दुसरे रूप तिथे आपोआप येईल.

एक वाचक: मग सगळीच रूपे वर्णनाच्या तळाशी स्वल्पविराम देऊन ओळीने लिहून टाका ना. पाने, पानं, मिरची, मिर्ची, कोकडा, बोकड्या…

संकलक: ते नको. वर्णनात टॅगांची अशी रास ओतणे यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. टॅगसाठी वेगळी चौकट आहे, तिची मर्यादा ५०० अक्षरांची. टॅगांचा शोधात वाटा फार थोडा असतो, नेहमी चुकीच्या लिहिल्या जाणाऱ्या शब्दांसाठी ते खरे उपयोगी. ‘मिर्ची’ तिथे जाऊ द्या. शीर्षकाला १०० अक्षरे मिळतात, पण देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘कुंडी’ डोळ्यांना दोन अक्षरे, मोजणीत पाच. ‘चुरडामुरडा’ दहा घेतो.

गच्चीवरची: मग हे कसे वाटते?

```
कुंडीतल्या मिरचीची पाने वाकडी का होतात? वरच्या आणि खालच्या वळणातला फरक

उन्हाळ्यात गच्चीवरच्या मिरचीची पानं गोळा होतात. याला
चुरडामुरडा, बोकड्या किंवा कोकडा म्हणतात. कारणे वेगवेगळी असतात.

00:00 दुपारी वळून संध्याकाळी सरळ होणारी पाने
01:40 कडा वर : फुलकिडे
04:30 कडा खाली : कोळी
07:10 पाने बारीक, रोप खुजे : विषाणू
09:20 कुंडीची माती : 2 भाग माती, 1 शेणखत, 1 कोकोपीट
```

संकलक: शीर्षक ७० भरते, चालेल. पहिली वेळ 00:00 आहे, तीनपेक्षा जास्त टप्पे आहेत आणि प्रत्येक दहा सेकंदांहून मोठा आहे, म्हणून टप्पे दिसतील. शोधाच्या यादीत वर्णनाचा सुरुवातीचा तुकडाच दिसतो, तो तुम्ही नीट वापरला आहे.

मुद्रितशोधक: मातीच्या ओळीत ‘पॉटिंग मिक्स’ लिहिण्याचा मोह टाळलात, चांगले केलेत. शीर्षकात मात्र माती आणू नका. दोन मिनिटांच्या भागासाठी आलेला माणूस मधली नऊ मिनिटे थांबणार नाही.

बांधावरचा: ‘उन्हाळ्यात’ हा शब्द मला खटकतो. फुलकिड्यांना कोरडी उष्ण हवा मानवते, ते बरोबर. पण हे कोळी उबदार दमट हवेत वाढतात. पावसाळ्यात पाने खाली वळलेली पाहून कोणी शोधत आला, तर त्याला वाटेल हा व्हिडिओ आपल्यासाठी नाही. हंगाम टप्प्यागणिक लिहा : ‘कडा वर, कोरड्या दिवसांत’ आणि ‘कडा खाली, दमट दिवसांत’.

गच्चीवरची: हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. पहिल्या ओळीतून ‘उन्हाळ्यात’ काढते, फक्त 00:00 च्या टप्प्यात ठेवते. पण 04:30 चा भाग पुन्हा पाहिला, त्यात कडा खाली वळलेले पान एकदाच, ओझरते दिसते. तो भाग भिंगातून नव्याने चित्रित करेपर्यंत ‘कोळी’ हे नाव तिथे देणार नाही, ‘कडा खाली’ एवढेच ठेवते.

लिंबूवाली: ‘वळणे’ऐवजी ‘मुडपणे’ का नाही? आमच्याकडे पान मुडपले असेच म्हणतात.

मुद्रितशोधक: मुडपणे म्हणजे घडी पडणे. होडीसारख्या पानाला ते लागू पडेल का, मला शंका आहे.

बांधावरचा: मला तर कोळी लागलेल्या पानाला ‘मुडपलेले’च नेमके वाटते.