विषय: कुटुंबाच्या संकेतस्थळावरील वंशवृक्ष, छायाचित्रे आणि हयात नातेवाइकांची माहिती

मेधा, ठाणे

सप्रेम नमस्कार.

परदेशातून ठाण्याला परतल्यावरही मी मंडळाच्या या यादीवर राहिले, कारण आमच्या कुटुंबाची अर्धी माणसे अजून तिकडेच आहेत. गेल्या वर्षभरात सासरच्या पाच पिढ्यांचा वंशवृक्ष मी ग्रॅम्प्स या मोफत प्रणालीत भरला आणि नौपाड्यातील जुन्या घरात सापडलेले अल्बमही त्याला जोडले. आता हे सर्व संकेतस्थळ म्हणून खुले करावे, अशी घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा आहे. आजेसासूबाईंचे पान मी नमुन्यादाखल तयार केले. त्या 1994 मध्ये वारल्या. त्यांच्या पाच अपत्यांपैकी दोन आज नाहीत आणि तिघे हयात आहेत. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा मी काढल्या, नावे मात्र ठेवली. एवढे पुरेसे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

वसंत, नेरुळ

मेधाताई, आपण फार काळजी करत आहात असे मला वाटते. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे. त्यात हयात माणसांचे शिक्षण, नोकरी, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांकसुद्धा आहेत, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडल्याचे मी ऐकलेले नाही. जन्मतारखा काढल्यात, हे योग्य केलेत. त्याशिवाय `robots.txt` या फाइलमध्ये शोधयंत्रांना मनाई लिहून ठेवा, म्हणजे पाने शोधात येणार नाहीत आणि दुवा ज्याला पाठवाल त्यालाच ती दिसतील.

श्रीधर, फ्रँकफर्ट

मेधाताई, वसंतराव, नमस्कार.

छापील कुलवृत्तांताच्या काही प्रती निघत, त्या घराण्यातच फिरत आणि त्यांत एखादे नाव शोधायचे तर पाने चाळावी लागत. संकेतस्थळावर तेच नाव एका क्षणात सापडते आणि त्याच्या शेजारी आईचे पानही उघडते. त्या पानावर तिचे माहेरचे आडनाव असते, आणि बँका व इतर सेवा ओळख पटवण्यासाठी नेमके तेच विचारत आल्या आहेत. त्यामुळे जन्मतारीख काढून नाव ठेवले, तर हयात मुलाविषयीची सर्वांत उपयोगी माहिती त्याच्या दिवंगत आईच्या पानावरून मिळते.

`robots.txt` बद्दल वसंतरावांचे म्हणणे अर्धेच लागू पडते. ती फाइल शोधयंत्राला पान वाचू नको असे सांगते. दुसऱ्या कोणी त्या पानाचा दुवा कुठे दिला असेल, तर पान न वाचताही त्याचा पत्ता शोधात येऊ शकतो. आणि दुवा हाती आलेल्या माणसाला तर ती मुळीच अडवत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. भारताचा 2023 चा वैयक्तिक माहितीविषयीचा कायदा, एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. मात्र जगाला खुले असलेले संकेतस्थळ घरगुती म्हणता येईल का, हा प्रश्न उरतोच. युरोपच्या न्यायालयाने 2003 मध्ये लिंडक्विस्ट प्रकरणात त्याचे उत्तर नकारार्थी दिले. स्वीडनमधील चर्चच्या एका कार्यकर्तीने आपल्या सहकाऱ्यांची माहिती स्वतःच्या पानावर लिहिली होती आणि त्यांतील एकीच्या पायाला दुखापत झाल्याचाही उल्लेख केला होता. इंटरनेटवर अगणित लोकांना उपलब्ध झालेली माहिती घरगुती राहत नाही, असे न्यायालय म्हणाले. आपली निम्मी मंडळी युरोपात असल्याने हे ध्यानात असावे.

माझा सल्ला असा की मूळ माहितीसाठा घरच्या संगणकावरच ठेवावा आणि त्यातून हयात व्यक्ती वगळलेली वेगळी प्रत तयार करून तेवढीच संकेतस्थळावर चढवावी. सगळी माहिती चढवून नंतर ती पानावर लपवण्याच्या फंदात पडू नये, कारण लपवलेली माहिती अनेकदा पानाच्या मूळ मजकुरात तशीच राहते. ग्रॅम्प्समध्ये संकेतस्थळाचा अहवाल काढताना `Living People` हा पर्याय येतो. त्यात `Not included` निवडावे.

त्याआधी एक काम मात्र हातानेच करावे लागते. मृत्यूची नोंद नसेल तर माणूस हयात आहे की नाही याचा ग्रॅम्प्स अंदाज बांधतो. जन्मवर्ष असेल तर ठरावीक वयापर्यंत, आणि हे वय न बदलल्यास 110 वर्षे असते, तो त्या माणसाला हयात धरतो. जन्मवर्षही नसेल तर आईवडील, जोडीदार आणि मुले यांच्या तारखांवरून अदमास घेतो. त्यामुळे 1930 साली जन्मलेले आणि केव्हाच वारलेले चुलत आजोबा पानावरून गायब होतात. मृत्यूची तारीख ठाऊक नसली तरी मृत्यूची नोंद तारखेविना करता येते, ती अशा प्रत्येकाची करावी.

अपर्णा, लंडन

विषय थोडा वेगळा वाटेल, पण मला विचारायचे आहे. माझा पहिला विवाह 1996 मध्ये झाला आणि काही वर्षांनी आम्ही विभक्त झालो. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्या नात्यातील एकाने केलेल्या वंशवृक्षात त्यांच्या पानावर ‘पत्नी: हयात व्यक्ती’ असे लिहिलेले आहे आणि खाली विवाहाची तारीख व कार्यालयाचे नाव आहे. माझे नाव कुठेही नाही. तरीही त्या काळी आम्हाला ओळखणाऱ्या कोणालाही ती हयात व्यक्ती कोण हे कळते, आणि माझ्या मुलांना मी हे अजून माझ्या शब्दांत सांगितलेले नाही. ते पान काढून टाकण्याचा हक्क मला आहे का?

श्रीधर, फ्रँकफर्ट

अपर्णाताई, हक्काविषयी मी वकिलासारखे ठामपणे सांगू शकत नाही. प्रथम त्या नातेवाइकाला लेखी विनंती करावी आणि संपूर्ण पान काढा असे म्हणण्याऐवजी विवाहाची नोंद व पत्नीची रिकामी जागा काढा असे नेमके मागावे. अशी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते. युरोपचे नियम मृतांच्या माहितीला लागू नाहीत, पण ही नोंद त्यांच्याइतकीच आपलीही आहे, हा मुद्दा पत्रात जरूर मांडावा.

मेधाताईंच्या दृष्टीने आपले उदाहरण फार महत्त्वाचे आहे. ग्रॅम्प्समध्ये `Complete names replaced, and data removed` असाही पर्याय आहे. त्यात नावाऐवजी एक ठरावीक शब्द येतो, पण चौकट वंशवृक्षात तशीच उरते. चौकटीचे स्थान आणि भावंडांची संख्या कळली की नात्यातला माणूस ओळखू येतो. म्हणूनच मी व्यक्ती पूर्णपणे वगळावी असे म्हणतो.

वसंत, नेरुळ

इथे माझा आक्षेप आहे. पाच अपत्यांच्या आईच्या पानावर दोनच अपत्ये दाखवली, तर वाचणारा तिला दोनच मुले होती असे समजेल. घराण्याचा इतिहास लिहायचा आणि त्यात खोटे चित्र उभे करायचे, हे मला पटत नाही. सांकेतिक शब्द ठेवून पाने फक्त नातेवाइकांसाठी उघडी ठेवा, म्हणजे सर्वांचे समाधान होईल.

मेधा, ठाणे

श्रीधरराव, आपण सांगितल्याप्रमाणे `Not included` निवडून आजेसासूबाईंचे पान पुन्हा काढले. वसंतकाकांच्या आक्षेपासाठी प्रत्येक पानाखाली ‘या संकेतस्थळावर केवळ दिवंगत व्यक्तींची नोंद आहे, त्यामुळे अपत्यांची यादी पूर्ण नाही’ अशी ओळ घातली आहे. सांकेतिक शब्दाचा विचारही केला होता. परंतु तो आमच्या व्हॉट्सॲप समूहावर पाठवावा लागेल, आणि त्या समूहात कोण कोण आहे हे आज आम्हालाच सांगता येत नाही.

नंतर हयात नातेवाइकांची नावे, प्रत्येक ओळीवर एक याप्रमाणे, एका फाइलमध्ये लिहून तयार झालेल्या पानांत ती शोधली. आमच्या भाच्याने आज्ञा लिहून दिली:

```
grep -rlFf hayat.txt jahir/
```

फाइलमध्ये चुकूनही रिकामी ओळ राहू देऊ नये, कारण मग प्रत्येक पान जुळते. वगळलेली नावे तरीही अनेक पानांवर निघाली. आजेसासूबाईंच्या चरित्रात ‘शेवटची वर्षे त्या धाकट्या मुलीकडे वाशीला राहिल्या’ असे लिहून पुढे आत्याबाईंचे नाव होते. ही टीप दिवंगत व्यक्तीची असल्यामुळे प्रणालीने तिला हात लावला नव्हता. 1979 मध्ये तान्हेपणीच गेलेल्या एका बाळाच्या पानावर बाळाच्या नावापुढे वडिलांचे नाव होते, आणि ते काका आज घंटाळी परिसरात राहतात. काही जुळण्या मात्र निरुपद्रवी निघाल्या, कारण आमच्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे आणि सापडलेले नाव आजोबांचेच होते.

आता मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या बाळाचे पान ठेवावे का? आणि 1988 च्या समूहचित्राचे काय करावे? त्यात आजेसासूबाई मध्यभागी बसल्या आहेत आणि भोवतीची बहुतेक माणसे हयात आहेत.

श्रीधर, फ्रँकफर्ट

मेधाताई, आपण शोध घेतलात हे फार उत्तम झाले. त्या यादीत घरची नावेही घाला, म्हणजे बाळ, नाना, ताई, माई अशी, आणि रोमन लिपीतील नावेही घाला, कारण छायाचित्रांच्या फाइलींना आपण सहसा रोमन नावे देतो. तरीही चित्राच्या आत लिहिलेली अक्षरे या शोधात सापडत नाहीत. लग्नपत्रिका, मृत्यूची वर्तमानपत्रातील निवेदने आणि छायाचित्रामागचा मजकूर हे सर्व डोळ्यांनीच वाचावे लागते.

छायाचित्रांत आणखी एक धोका असतो. आपण अल्बमची पाने भ्रमणध्वनीवर टिपली असतील आणि त्यात स्थाननोंद सुरू असेल, तर 1955 च्या चित्राच्या फाइलमध्ये आज ते टिपले त्या घराचे अक्षांश-रेखांश जातात. अल्बम बहुधा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडेच असतात, म्हणून मी याकडे फार गांभीर्याने पाहतो. चित्रांच्या प्रतीवर, मूळ फाइलींवर नव्हे, ही आज्ञा चालवावी:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -orientation -overwrite_original -r photo_prat/
```

मधला भाग चित्राची दिशा परत बसवतो. तो गाळला तर भ्रमणध्वनीवर टिपलेली काही चित्रे आडवी दिसू लागतात. नंतर त्याच प्रती ग्रॅम्प्सला जोडून पाने पुन्हा काढावीत.

समूहचित्र दिवंगत व्यक्तीला जोडलेले असल्याने प्रणाली ते दाखवणारच. आजेसासूबाईंचा चेहरा आणि खांदे एवढाच भाग कापून पानावर ठेवावा, पूर्ण चित्र घरच्या साठ्यात राहू द्यावे. चित्राखालील ‘डावीकडून उभे’ ही यादी मात्र अजिबात देऊ नये, कारण चेहऱ्याला नाव जोडणारी तीच असते.

बाळाच्या पानाविषयी नियम सांगता येणार नाही. वडिलांचे नाव गाळून केवळ पहिले नाव ठेवता येते, पण वंशवृक्षातील जागेवरून वडील कळू शकतात. काका हयात आहेत, तर त्यांनाच विचारावे.

मेधा, ठाणे

काकांना भेटून आले. त्यांनी पान वाचले आणि ते असू द्यावे, स्वतःचे नावही राहू द्यावे असे सांगितले. काकूंना मात्र बाळाचे नाव जगाला दिसू नये असे वाटते. दोघांचे एकमत होईपर्यंत ते पान घरच्या साठ्यातच राहील. बाकीची पाने चित्रांच्या साफ केलेल्या प्रती जोडून पुन्हा काढते आणि वाढवलेल्या यादीने शोध घेऊन मगच चढवते.

वसंत, नेरुळ

मेधाताई, आपण घातलेली ओळ वाचली. तरीही अपत्यांची संख्या तरी लिहावी, असे माझे मत कायम आहे. ‘एकूण पाच अपत्ये’ एवढ्याने कोणाची ओळख उघड होणार आहे?

अपर्णा, लंडन

वसंतकाका, मोठ्या कुटुंबात कदाचित कोणाचीच नाही. पण ‘एक अपत्य’ असे लिहिले, तर माझ्या मुलाची होईल.